संधि, समास आणि अलंकार : परीक्षेसाठीं कोष्टक कसें मांडावें

व्याकरणाच्या पुस्तकांत संधीचें प्रकरण ज्या दिशेनें लिहिलेलें असतें, बहुधा त्याच्या उलट दिशेनें तें परीक्षेंत विचारलें जातें. पुस्तक सांगतें कीं, अ या स्वरापुढें उ आला म्हणजे त्या दोहोंबद्दल ओ होतो; जसें, चंद्र + उदय = चंद्रोदय. परीक्षक मात्र 'चंद्रोदय' हा जुळलेला शब्द पुढें ठेवून त्याचा विग्रह करावयास सांगतो. पुस्तकांत दोन शब्द हातीं असतात व एक करावयाचा असतो. प्रश्नपत्रिकेंत एक हातीं असतो व दोन शोधावयाचे असतात. मुलें जीं कोष्टकें तयार करितात तीं पुस्तकावरून उतरलेलीं असल्यामुळें त्यांचीहि दिशा पुस्तकाचीच राहते, आणि नियम मुखोद्गत असूनहि ऐन वेळीं उपयोगी पडत नाहींत. कोष्टक करावयाचें तर तें प्रश्नाच्या बाजूनें मांडलें पाहिजे, एवढीच एक गोष्ट या लेखांत सांगावयाची आहे.

आरंभीं एक सूचना करून ठेवितों. शिक्षणमंडळानें नेमलेला व्याकरणाचा भाग वेळोवेळीं बदलत असतो. एखाद्या इयत्तेस संधि असतो, एखादीस नसतो. समासांचे सर्व प्रकार एकाच वर्षीं असतात असें नाहीं. अलंकार तर दोनतीन इयत्तांत वांटून दिलेले आढळतात. तेव्हां थोरल्या भावंडाची जुनी वही धाकट्यास देण्यापूर्वीं चालू वर्षाचें पाठ्यपुस्तक उघडून कोणते प्रकार नेमले आहेत तें पाहावें, आणि कोष्टकांतील बाकीच्या ओळींवर पेन्सिलीनें रेघ मारावी. रेघ पेन्सिलीचीच असावी. त्या ओळी पुढच्या वर्षीं लागतील.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या यंदा शालान्त परीक्षेस बसत आहे. दिवाळीच्या सुटींत तिनें या तिन्ही प्रकरणांचीं कोष्टकें एका जाड वहींत उतरून काढलीं. नियम तांबड्या शाईनें, उदाहरणें निळ्या शाईनें, रेघा पट्टीनें मारलेल्या. वही पाहून घरांत सर्वांस समाधान वाटलें. आम्हीं सहज विचारलें, "मनोरथ, याचा विग्रह सांग पाहूं." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मन अधिक उरथ. अ आणि उ मिळून ओ." मग तीच पुन्हां म्हणाली, "पण काका, उरथ म्हणजे काय हो?"

तिचें उत्तर चुकलें खरें, परंतु चुकीचा शोध लावण्याची रीतहि तिच्याच प्रश्नांत होती. तिच्या वहींत ओ हा स्वर दोन ठिकाणीं आलेला होता. पहिल्या पानावर स्वरसंधींत 'अ + उ = ओ' असा, आणि तिसऱ्या पानावर विसर्गसंधींत 'मनः + रथ = मनोरथ' असा. हीं दोन पानें एकमेकांसमोर कधींच आलीं नव्हतीं. शब्दांत ओ दिसतांच तिला पहिलें पान आठवलें व तिनें तेंच लावलें. दोष मुलीच्या स्मरणशक्तीचा नव्हे, मांडणीचा होता.

म्हणून आम्हीं तिला नवीन कोष्टक करावयास सांगितलें. पूर्वीच्या कोष्टकाचा पहिला रकाना संधीच्या नांवाचा होता. यांत पहिला रकाना डोळ्यांना जें दिसतें त्याचा, म्हणजे सांध्यावरील अक्षराचा. दुसऱ्या रकान्यांत त्या अक्षराच्या मुळाशीं काय काय असूं शकतें तें सर्व एकत्र. संधीचें नांव हवें असल्यास शेवटीं.

| सांध्यावर दिसतें | मुळाशीं असूं शकतें | उदाहरण |
|---|---|---|
| आ | अ किंवा आ + अ किंवा आ | सूर्य + अस्त = सूर्यास्त; विद्या + आलय = विद्यालय |
| ई, ऊ | इ/ई + इ/ई; उ/ऊ + उ/ऊ | गिरि + ईश = गिरीश; गुरु + उपदेश = गुरूपदेश |
| ए | अ/आ + इ/ई | गण + ईश = गणेश |
| ओ | (१) अ/आ + उ/ऊ; (२) अः + मृदु व्यंजन | महा + उत्सव = महोत्सव; मनः + रथ = मनोरथ |
| ऐ, औ | अ/आ + ए/ऐ; अ/आ + ओ/औ | सदा + एव = सदैव; जल + ओघ = जलौघ |
| र् (रफार किंवा र) | (१) अ/आ + ऋ; (२) इः किंवा उः + स्वर वा मृदु व्यंजन | महा + ऋषि = महर्षि; दुः + जन = दुर्जन; निः + अंतर = निरंतर |
| जोडाक्षरांत य, व | इ/ई + निराळा स्वर; उ/ऊ + निराळा स्वर | अति + अंत = अत्यंत; सु + आगत = स्वागत |
| च्च, ज्ज, ल्ल, न्न | त् + च, ज, ल, न | सत् + जन = सज्जन; तत् + लीन = तल्लीन; जगत् + नाथ = जगन्नाथ |
| ग, ड, द, ब | क्, ट्, त्, प् + स्वर वा मृदु व्यंजन | सत् + आचार = सदाचार; षट् + रिपु = षड्रिपु |

मृदु व्यंजनें म्हणजे प्रत्येक वर्गांतील शेवटचीं तीन व त्यांच्या जोडीला य, र, ल, व, ह. एवढें कोष्टकाखालीं लिहून ठेवलें म्हणजे पुरे. तालिकेंत सर्वच नियम आले आहेत असें नाहीं. परंतु शालेय पुस्तकांतील बहुतेक उदाहरणें या नऊ ओळींत बसतात. उरलेलीं प्रत्येकानें आपल्या पुस्तकावरून भरावीं.

आतां ओ ची ओळ कशी वापरावयाची तें पाहूं, कारण सर्वांत अधिक गोंधळ तेथेंच होतो. 'परोपकार' हा शब्द घ्या. ओ सांध्यावर आहे. त्या ओच्या पुढें जेवढें उरतें तेवढें वेगळें काढून वाचावें : 'पकार'. असा शब्द मराठींत किंवा संस्कृतांत ओळखीचा नाहीं. म्हणजे ओ मध्यें दडलेला उ परत दिला पाहिजे : उपकार. विग्रह पर + उपकार. आतां 'मनोरथ' घ्या. ओच्या पुढें उरतें 'रथ'. हा स्वतंत्र शब्द आहे, त्याला कांहीं परत देण्याची आवश्यकता नाहीं. मग ओ विसर्गाचा. विग्रह मनः + रथ. 'सरोवर' मध्यें 'वर' उरतो, म्हणून सरः + वर. 'यथोचित' मध्यें 'चित' उरतें, तें येथें निरर्थक, म्हणून यथा + उचित.

ही कसोटी बहुतेक वेळां पुरते, पण नेहमीं पुरत नाहीं. 'सहोदर' या शब्दांत ओ पुढें 'दर' उरतो, आणि 'दर' हा तर बाजारांतला रोजचा शब्द! येथें उजवी बाजू फसविते, तेव्हां डाव्या बाजूस विचारावें. विसर्गानें संपणारे व संधींत नेहमीं येणारे शब्द फार थोडे आहेत : मनः, यशः, तपः, तेजः, सरः, रजः, पयः, वयः, शिरः, अधः, पुरः. एवढी एक ओळ पाठ असली, कीं 'सह' त्यांत नाहीं हें लगेच कळतें; मग सह + उदर, एकाच उदरांतून आलेला, म्हणजे सख्खा भाऊ, हा अर्थहि आपोआप जुळतो. महर्षि व दुर्जन यांतील र् चा उलगडा याच रीतीनें होतो : 'षि' एकटें अर्थहीन आहे, 'जन' आहे अर्थपूर्ण.

आ व ई यांच्या ओळींत आणखी एक निर्णय करावा लागतो, आणि तो कोणत्याहि नियमानें होत नाहीं. 'हिमालय' मध्यें हिम + आलय कीं हिम + अलय? दोहोंचाहि संधि हिमालय असाच होईल. येथें अर्थ ठाऊक असणें हाच उपाय. म्हणून या ओळींतील उदाहरणांपुढें अर्थहि लिहावा. अर्थावांचून पाठ केलेला विग्रह दुसऱ्या दिवशीं 'विद्या + आर्थी' होऊन बसतो, आणि त्या मुलाला त्यांत कांहीं खटकतहि नाहीं.

उदाहरणें निवडतांना मात्र सावध असावें. 'मनोकामना' हा शब्द सर्वांच्या तोंडीं आहे, पण तो कोष्टकांत घालूं नये. क हें कठोर व्यंजन असल्यामुळें नियमानें येथें विसर्ग तसाच राहून 'मनःकामना' व्हावयास पाहिजे. जसें अंतःकरण, प्रातःकाळ. 'निरोगी' याचीहि तीच कथा आहे : विसर्गापुढें र आला म्हणजे विसर्ग जाऊन मागचा स्वर दीर्घ होतो, म्हणून निः + रस = नीरस; त्या न्यायानें 'नीरोगी' व्हावें, पण मराठीनें ऱ्हस्व नि ठेवून तो शब्द आपलासा केला आहे. असले शब्द भाषेंत चुकीचे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या नियमाचें उदाहरण म्हणून ते घ्यावयाचे त्या नियमालाच ते जुमानीत नाहींत. उलट नमस्कार, पुरस्कार, तिरस्कार हे अपवाद पुस्तकांत मान्य आहेत. अ पुढील विसर्गाचा क पूर्वीं स् झाला आहे. त्यांना कोष्टकाच्या तळाशीं एक स्वतंत्र ओळ द्यावी.

या कोष्टकावरून आमच्या घरांत एक वादहि झाला, तो सांगण्यासारखा आहे. मुलीच्या पुस्तकांत 'एक + एक = एकेक' असें होतें. आमच्या वडील बंधूंचा संस्कृताचा व्यासंग मोठा. ते म्हणाले, "हें साफ चूक आहे. अ आणि ए मिळून ऐ. एकैक असेंच पाहिजे." मुलगी बिचारी गोंधळली. "मोठे काका, पुस्तकांत छापलें आहे ना!" असें तिनें हळूच म्हणून पाहिलें. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या जागीं खरें होतें. संस्कृत नियमानें एकैक हें रूप शुद्धच आहे. परंतु मराठीचे म्हणून कांहीं निराळे संधि आहेत, आणि पुस्तकांत ते निराळ्या मथळ्याखालीं दिलेले असतात. दोन स्वर एकत्र आले असतां मराठी पुष्कळ वेळां त्यांचा नवा स्वर करीत नाहीं. दोहोंपैकीं एकास सरळ रजा देते. पहिला स्वर गेला व दुसरा राहिला तर पररूप संधि : एक + एक = एकेक, घर + ई = घरीं, न + उमजे = नुमजे. पहिला राहून दुसरा गेला तर पूर्वरूप संधि : खिडकी + आंत = खिडकींत, कांहीं + असा = कांहींसा. वडील बंधूंनीं तें प्रकरण वाचून पाहिलें व "मराठीला मराठीचा नियम" एवढें बोलून चष्मा मिटला. मुलीनें कोष्टकांतील ए च्या ओळींत 'मराठी शब्द असल्यास पररूप पाहा' अशी टीप घातली. ती टीप नसती तर ए पाहून तिनें 'एक + इक' असा विग्रह केला असता, आणि पुन्हां उरथाचीच गत झाली असती.

समासाचें कोष्टक निराळ्या पायावर उभारावें लागतें. संधींत अक्षरें जुळतात, म्हणून खूण अक्षरांत सांपडते. समासांत अर्थ जुळतात, म्हणून खूण शब्दांत दिसतच नाहीं, ती विग्रहाच्या वाक्यांत दिसते. याचें उत्तम उदाहरण घरचेंच आहे. 'आजोबा पीतांबर नेसून पूजेला बसले' या वाक्यांत पीतांबर म्हणजे पिवळें असें वस्त्र. विशेषण व विशेष्य असा संबंध असल्यामुळें हा कर्मधारय. 'पीतांबर भक्तांस पावला' या वाक्यांत मात्र वस्त्र पावत नाहीं, विष्णु पावतो. पीत आहे अंबर ज्याचें तो, असा विग्रह होतो व समास बहुव्रीहि ठरतो. अक्षरें तींच, संधीहि तोच (पीत + अंबर), समास दोन. ज्या मुलानें 'पीतांबर – बहुव्रीहि' असें शब्दाशेजारीं नांव पाठ केलें, त्याच्या हातून पहिल्या वाक्याचे गुण गेलेच म्हणून समजावें.

तेव्हां समासाच्या कोष्टकाचा पहिला रकाना विग्रहांत कोणता शब्द बोलावा लागतो याचा ठेवावा.

| विग्रहांत येणारा शब्द | समास | उदाहरण |
|---|---|---|
| आणि, व | इतरेतर द्वंद्व | भाऊबहीण, रामलक्ष्मण |
| किंवा, अथवा | वैकल्पिक द्वंद्व | खरेंखोटें, पापपुण्य |
| वगैरे | समाहार द्वंद्व | मीठभाकर, चहापाणी |
| –नें, –साठीं, –पासून, –चा, –आंत | विभक्ति तत्पुरुष | तोंडपाठ, पोळपाट, चोरभय, देवपूजा, वनवास |
| असा, अशी, असें | कर्मधारय | नीलकमल, महादेव |
| (संख्या) … यांचा समूह | द्विगु | पंचवटी, त्रिभुवन |
| घालून केलेली, घालून केलेला | मध्यमपदलोपी | पुरणपोळी, साखरभात |
| ज्याला, ज्याचा … तो | बहुव्रीहि | दशानन, लंबोदर |
| प्रमाणें, पर्यंत, प्रत्येक | अव्ययीभाव | यथाशक्ति, आजन्म, दररोज |

या रीतीचा फायदा असा कीं, विग्रह तोंडानें नीट म्हटला कीं नांव शोधावें लागत नाहीं, तें विग्रहांतच ऐकूं येतें. मुलें ज्या ठिकाणीं हटकून चुकतात तीं ठिकाणें थोडीं आहेत. 'दशानन' यांत आरंभीं संख्या दिसते, म्हणून घाईनें द्विगु लिहितात. 'दहा तोंडांचा समूह' असा विग्रह बोलून पाहावा. रावण म्हणजे तोंडांचा समूह नव्हे, दहा आहेत आननें ज्याला तो. संख्या दिसली एवढ्यानें द्विगु होत नाहीं, समूह बोलावा लागला तर होतो. दुसरें, 'चहापाणी'. चहा आणि पाणी असा विग्रह केला तर इतरेतर द्वंद्व होईल. पण पाहुण्यांस 'चहापाणी घेऊन जा' असें म्हणतांना बशींतला चिवडा किंवा लाडू आपल्या मनांत नसतो काय? चहा, पाणी वगैरे, म्हणून समाहार. मीठभाकरीचें तेंच.

कांहीं शब्दांचा विग्रह दोन रीतींनीं होऊं शकतो. 'घरजावई' हा त्यांपैकीं एक : 'घरांतील जावई' म्हटलें तर सप्तमी तत्पुरुष, 'घरीं राहणारा जावई' म्हटलें तर मध्यमपदलोपी. अशा वेळीं आपल्या पाठ्यपुस्तकांत जो विग्रह असेल तोच लिहावा. परंतु केव्हांहि विग्रह एका समासाचा व नांव दुसऱ्याचें असें करूं नये. उत्तरांत आधीं विग्रह व मग नांव, या क्रमानें लिहिलें तर ही विसंगति सहसा होत नाहीं.

अलंकारांविषयीं थोडी वेगळी युक्ति करावी लागते. पुस्तकांत प्रत्येक अलंकारास निराळ्या कवितेच्या ओळी दिलेल्या असतात. त्या सुंदर असतात यांत शंका नाहीं, पण उपमेला फुलांची ओळ, रूपकाला समुद्राची, उत्प्रेक्षेला चांदण्याची अशी असल्यामुळें मुलाच्या मनांत फुलें, समुद्र व चांदणें राहतें आणि अलंकारांतला भेद राहत नाहीं. त्यापेक्षां एकच जोडी घेऊन ती सर्व अलंकारांतून फिरवावी. आम्हीं आषाढांतील ढग व हत्ती ही जोडी घेतली. ढगांचें वर्णन करावयाचें आहे, म्हणून ढग हें उपमेय. ज्याची उपमा द्यावयाची तो हत्ती, म्हणजे उपमान.

| वाक्य | दोहोंतील नातें | अलंकार |
|---|---|---|
| ढग हत्तींसारखे डुलत चालले. | ढग हत्तींसारखे | उपमा |
| ढग म्हणजे जणूं हत्तीच. | ढग जणूं हत्तीच असावेत अशी कल्पना | उत्प्रेक्षा |
| मेघरूपी हत्ती आकाशांत झुलूं लागले. | ढग व हत्ती एकरूप | रूपक |
| हे ढग नव्हेत, आकाशींचे हत्तीच हे! | ढगांचा निषेध, हत्तींची स्थापना | अपन्हुति |
| हे ढग हत्तींहूनहि काळे आहेत. | ढग हत्तींवर वरचढ | व्यतिरेक |
| हे ढग आहेत कीं हत्ती? | मनाची दोलायमान स्थिति | ससंदेह |
| ढगांस हत्ती समजून रानांतला हत्ती त्यांना साद घालूं लागला. | खराच भ्रम, व तदनुसार कृति | भ्रांतिमान |
| या ढगांसारखे हेच ढग. | दुसरें उपमानच नाहीं | अनन्वय |

ओळी वरून खालीं वाचल्या म्हणजे दिसून येतें कीं, पहिल्या चारांत ढग व हत्ती यांतील अंतर पायरीपायरीनें कमी होत जातें. उपमेंत दोघे वेगळे उभे आहेत. उत्प्रेक्षेंत ते एक असावेत असें वाटतें. रूपकांत एक झालेच. अपन्हुतींत ढगाचें नांवच काढून टाकलें. ही उतरंड ध्यानांत धरली तर व्याख्या शब्दशः आठवली नाहीं तरी स्वतःच्या शब्दांत लिहितां येते.

या कोष्टकाची मर्यादा अशी कीं, मुलें दुसरा रकाना सोडून 'सारखा', 'जणूं', 'नव्हे' या शब्दांवरच डोळा ठेवूं लागतात. 'बाळ सारखें रडतें' यांत सारखें आहे, उपमा कोठें आहे? तेथें त्याचा अर्थ 'एकसारखें, सतत' असा आहे. 'हा आंबा त्या आंब्यासारखा आहे' यांत खरी तुलना आहे, तरीहि अलंकार नाहीं. उपमेंत दोन वस्तु भिन्न जातीच्या असून त्यांत साम्य दाखविण्याची गंमत असावी लागते. त्याचप्रमाणें 'हे ढग नव्हेत, गिरणीचा धूर आहे' असें कोणी खिडकींतून पाहून म्हटलें आणि तो खरोखरच धूर असला, तर ती अपन्हुति नव्हे, नुसती माहिती झाली. म्हणून खुणेचा शब्द सांपडल्यावर लगेच उत्तर लिहूं नये. उपमेय कोणतें, उपमान कोणतें, हे दोन शब्द आधीं पेन्सिलीनें अधोरेखित करावे. ते दोन सांपडले नाहींत तर शब्द फसवा आहे.

अनुप्रास, यमक व श्लेष हे शब्दालंकार या उतरंडींत बसत नाहींत, त्यांना तळाशीं तीन ओळी पुरतात. अनुप्रासांत एकच अक्षर पुनःपुन्हां येऊन नाद साधतें; यमकांत तींच अक्षरें ठराविक ठिकाणीं, निराळ्या अर्थानें परत येतात; श्लेषांत एकच शब्द दोन अर्थ देतो. 'विहीर आटली आणि गांवाचें जीवनच संपलें' यांत जीवन म्हणजे पाणीहि व आयुष्यहि. श्लेषाची एक सोपी परीक्षा आहे. त्या शब्दाच्या जागीं त्याच अर्थाचा दुसरा शब्द घालून पाहावा. 'गांवाचें पाणीच संपलें' म्हणतांच गंमत नाहींशी झाली. म्हणजे ती शब्दांत होती.

तीन कोष्टकें तीन पानांवर मावतात. तीं तयार झालीं म्हणजे अभ्यास झाला असें मात्र समजूं नये. चारपांच दिवसांनीं कोष्टकांत नसलेले दहा शब्द पुस्तकाच्या स्वाध्यायांतून काढून घरांतील दुसऱ्या कोणी तरी विचारावे, आणि मुलानें वही मिटून उत्तरें लिहावीं. जो शब्द चुकेल तो कोष्टकाच्या त्या ओळीशेजारीं समासांत, म्हणजे पानाच्या मोकळ्या कडेला, लिहून ठेवावा. त्याचा विग्रह लिहूं नये, शब्द तेवढा लिहावा. एकाच ओळीशेजारीं दोनतीन शब्द जमले तर ती ओळ पुन्हां मांडावयास हवी, असें समजावें. आमच्या पुतणीच्या वहींत सध्यां 'उच्छ्वास' आणि 'सच्छिष्य' हे दोन शब्द असे एकाखालीं एक बसले आहेत. त् पुढें श आला म्हणजे त् चा च् व श चा छ होतो, ही ओळ वरच्या तालिकेंत आम्हीं घातलीच नव्हती, ती आतां तिनें आपल्या हातानें घातली आहे.